तीच पिन, वेगळी तार

(दृश्य: सकाळची वेळ. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानाचं शटर वर जातंय. काउंटरवर दोन काळ्या केबली. मालकाचा आवाज.)

पोरांनो, काउंटरला उभं राहण्याआधी या दोन केबली हातात घ्या. दोन्ही टाइप-सी ते टाइप-सी. टोकं हुबेहूब सारखी. एक फोनच्या डब्यातून निघालेली, दुसरी मॉनिटरची. डोळ्यांनी फरक सांगता येतो का बघा. मलाही येत नाही.

मागच्या पावसाळ्यात तळेगावहून एक काका आले. 27 इंची नवा मॉनिटर घेतला होता, मागे टाइप-सीचं पोर्ट. म्हणाले, ‘लॅपटॉपला जोडायला टाइप-सी केबल द्या, चांगली द्या.’ मी 100 वॉटची, जाड, विणलेल्या कापडाची केबल काढून दिली. दुसऱ्या दिवशी लोकलनं, पावसात भिजत ते परत आले. लॅपटॉप चार्ज होत होता, पण मॉनिटरवर एकच अक्षरं, No Signal. चार्जिंग होतंय म्हणजे केबल ठीक, बिघाड मॉनिटरमध्येच, असं त्यांना वाटलं. तो परत खोक्यात भरून बदलून घ्यायच्या तयारीत होते. चूक माझी होती. मी वॉट विचारात घेतले, काम विचारलंच नाही.

(दृश्य: कापलेल्या केबलीचं तोंड जवळून. आतल्या रंगीत तारा.)

ही तीच केबल, मी नंतर कापून ठेवली. टाइप-सीच्या तोंडात 24 पिना असतात, पण प्रत्येक पिनेमागे तार असेलच असं नाही. हिच्यात करंटची जाड तार आहे, अर्थिंग आहे, दोन्ही बाजूंची उपकरणं एकमेकांना ओळखतात ती एक बारीक तार आहे आणि जुन्या यूएसबी 2.0 ची डेटाची जोडी आहे. चित्र जातं ते वेगवान डेटाच्या वेगळ्या जोड्यांमधून. त्या हिच्यात घातलेल्याच नाहीत. जाडी आहे ती तांब्याची, 5 अँपिअर करंट सोसण्यासाठी. 60 वॉटच्या वर जायचं तर केबलीच्या तोंडात एक ओळख सांगणारी चिपही लागते, तीही हिच्यात आहे. चार्जिंगला ही केबल उत्तमच आहे. चित्रासाठी निरुपयोगी.

म्हणून केबल काढायच्या आधी विचारा, ‘कशाला काय जोडायचंय आणि त्यातून काय व्हायला हवंय?’ नुसतं चार्जिंग असेल तर वॉट बघा. एसएसडी असेल तर पाकिटावर 10 जीबीपीएस लिहिलेली केबल द्या. 480 एमबीपीएसच्या केबलीवर 10 जीबीची फाइल चार-पाच मिनिटं घेते आणि माणूस एसएसडीला दोष देतो. मॉनिटर असेल तर पाकिटावर व्हिडिओ किंवा 4के असा स्पष्ट उल्लेख हवा. तो नसेल तर तोंडी भरवसा देऊ नका.

(दृश्य: लॅपटॉपची कड. पोर्टशेजारी कोरलेलं छोटं चिन्ह.)

आता यातली दुसरी बाजू. केबल बरोबर असूनही चित्र येत नाही असंही होतं. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर काढायची सोयच नसेल तर कुठलीही केबल ती आणू शकत नाही. पोर्टशेजारी विजेचा बाण असेल किंवा डी आणि पी एकमेकांत गुंफल्याचं चिन्ह असेल तर सोय आहे. नुसतं बॅटरीचं चित्र असेल तर सावध राहा. काहीच चिन्ह नसेल तर गिऱ्हाइकाकडून मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या माहितीपानावर डिस्प्लेपोर्ट शब्द शोधा. फोनचंही तसंच. आयफोन 15 मधून चित्र निघतं, पण त्याच्याच डब्यातल्या केबलीतून ते जात नाही. हे गिऱ्हाइकाला पटत नाही, म्हणून जोडून दाखवा.

त्यासाठीच काउंटरच्या कोपऱ्यात हा मॉनिटर कायम चालू ठेवलाय. गिऱ्हाइकानं लॅपटॉप आणलाय? आपली केबल लावा. चित्र आलं की मग त्यांची जुनी केबल लावा. आता गेलं, तर दोष केबलीचा. आपल्या केबलीनंही आलं नाही, तर आधी आपल्या लॅपटॉपवर तीच केबल लावून बघा आणि मगच पोर्टबद्दल बोला.

लांबीही विचारा. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे मीटरभर, साधी पूर्ण तारांची केबल चालते. भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत 5 मीटर हवी असेल तर टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर आणि लांब एचडीएमआय केबल द्या. फक्त दिशा तपासा. लॅपटॉपला टाइप-सी आणि पडद्याला एचडीएमआय, असंच ते चालतं. उलटं लावलं तर चित्र येत नाही, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

(दृश्य: मालक ड्रॉवर उघडतो. केबलींवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या: ‘चार्जिंग’, ‘एसएसडी’, ‘मॉनिटर’.)

काकांना मी दुसरी केबल इथंच, त्यांच्याच लॅपटॉपवर लावून दाखवली. पहिलीचे पैसे परत केले. तेव्हापासून पाकीट फोडलं की आधी चिठ्ठी लावायची, मग ड्रॉवरमध्ये टाकायची. आज आलेला माल मागे पडलाय. 40 केबली आहेत. कोपऱ्यातल्या मॉनिटरला एकेक लावून बघा.