कुलूप तीनदा ओढलं की दोनदा?

श्रोतेहो, नमस्कार. नवरा-बायकोची लटकी भांडणं रेडिओसाठी लिहिणं हे माझं आवडतं काम. आज त्यातला एकच प्रसंग तुमच्यापुढे उलगडून ठेवणार आहे. प्रसंग अगदी छोटा आहे. साठीच्या पुढचं एक जोडपं सकाळच्या एसटीनं पुण्याहून कोल्हापूरला निघालंय. दाराला कुलूप लावून झालंय आणि दोघं जिन्यात उभी आहेत. बास, एवढंच.

मी आधी लिहिलं होतं ते असं.

"कुलूप नीट लागलंय का बघू दे."
"तुम्हाला नेहमी संशय!"
"आणि तू नेहमी निष्काळजी."
"मी निष्काळजी? आणि तुम्ही फार व्यवस्थित!"

ऐकायला भांडण वाटतं खरं, पण यात माणसं कुठे आहेत? तो संशयी, ती निष्काळजी, अशी दोघं एकमेकांना नावं ठेवतात आणि श्रोत्याला स्वतः ओळखायला काही शिल्लकच राहत नाही. माझी एक साधी कसोटी आहे. बोलणाऱ्याचं नाव हातानं झाकायचं आणि वाक्य वाचायचं. वाक्य कुणाचं ते कळलं नाही, तर ते परत लिहायचं. इथे तर त्याची वाक्यं तिला आणि तिची त्याला दिली तरी काही बिघडत नाही. शिवाय 'नेहमी' हा शब्द आला की बोलणं समोरच्या कुलपावरून उठतं आणि तीस वर्षांच्या हिशेबावर जातं. तिथे लटकं भांडण संपतं आणि खरं सुरू होतं.

मग मी कुलपापाशीच थांबायचं ठरवलं. दुसरा खर्डा ऐका. आधी ती बोलते.

"तीन वेळा ओढलंत. कुलूप आहे ते, हलणारा दात नव्हे."
"दोनदा. तिसऱ्यांदा नुसता हात लावला."
"आणि मघाशी आत परत कशाला गेला होतात?"
"गॅस बघायला."
"मी बघितला होता."
"बघितला होतास ना? म्हणून तर मी एकदाच बघितला."
"चला आता."
"गॅलरीच्या दाराची वरची कडी लावलीस की खालची?"
"दोन्ही."

आता त्याला कुणी संशयी म्हणत नाही, पण 'तिसऱ्यांदा नुसता हात लावला' एवढ्यात तो माणूस कळतो. आयुष्यभर हिशेब जुळवत आलेला असावा. आरोप खोटा आहे असं तो म्हणत नाही, फक्त आकडा दुरुस्त करतो. तिची जीभ तिखट आहे, पण ती त्याच्या स्वभावावर बोट ठेवत नाही. तिचा वाद कुलपाशी आहे.

माया कुठे आहे? ती 'दोन्ही' या शब्दात आहे. हा माणूस जिन्यात उभा राहून कडीचं विचारणार हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणून घरातून निघतानाच तिनं दोन्ही कड्या लावल्या होत्या. तोंडानं ती त्याच्या सवयीवर वैतागते, पण हात त्या सवयीची सोय करून ठेवतात. माझ्या मते अशा संवादाचा जीव इथेच असतो. तोंड भांडत राहावं आणि हातांनी कधीच ऐकलेलं असावं. मी 'दोन्ही'च्या पुढे आणखी एक वाक्य लिहिलं होतं, "विचारणार हे माहीत होतं मला." तालमीत ते काढून टाकलं. त्या जागी फक्त त्याचं एक "हं" ठेवलं आणि पायऱ्या उतरल्याचा आवाज. जे श्रोत्याला कळलेलं असतं ते पात्रानं पुन्हा सांगितलं की त्यातली गोडी जाते.

रेडिओवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे डोळे मिचकावून सांभाळून घेता येत नाही. सगळा भार आवाजावर आणि बारक्या शब्दांवर येतो. वरचा 'ना' बघा. "बघितला होतास ना?" यात विश्वास आहे. तोच 'ना' काढून "बघितला होतास?" असं विचारलं की उलटतपासणी होते. 'चला हो' आणि 'अहो, चला' यांतही फरक आहे. 'अहो' आधी आलं की ती हाक होते, 'हो' मागून आलं की लाडीगोडी. या पिढीतली बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, त्यामुळे तिचा राग, कंटाळा, काळजी सगळं त्या एका 'अहो'लाच वाहावं लागतं. म्हणून मी प्रत्येक 'अहो' कुठे येतो ते मोजून पाहतो. दर वाक्याला घातला की तो बोथट होतो.

आवाजाचंही तसंच. कुलपाचा आवाज संवादाच्या आधी यायला हवा, म्हणजे श्रोता स्वतः मोजतो. ध्वनिमुद्रणात आम्ही दोन स्पष्ट हिसके ठेवले आणि तिसऱ्या वेळी फक्त किंचित खडखड. त्यामुळे तिचं 'तीन'ही खरं आणि त्याचं 'दोन'ही खरं. ऐकणारा आपोआप पंच होतो आणि त्याला निकाल देता येत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. एकानं दुसऱ्याचं बोलणं तोडायचं असेल, तर तोडलेलं वाक्य कागदावर पूर्ण लिहून द्यावं. अर्धवट लिहून पुढे टिंबं दिली की नट तिथे आपणहून थांबतो, दुसऱ्याचा आवाज यायला क्षणभर उशीर होतो आणि घाई खोटी वाटते.

एवढं झाल्यावर मला एक गोष्ट खटकली. प्रत्येक वेळी जिंकत होती ती. नवरा बावळट आणि बायको हुशार, किंवा बायको कटकटी आणि नवरा सोशिक, असा एकतर्फी डाव ऐकताना हसू येतं, पण त्या घरात प्रेम आहे यावर विश्वास बसत नाही. त्याच्या बाजूनंही एक 'दोन्ही' हवी होती. म्हणून एसटीतला तुकडा लिहिला. ती पिशवीत हात घालून काहीतरी शोधते आहे.

"काय शोधतेस?"
"काही नाही."
"चष्मा माझ्या खिशात आहे."
"मी घेणारच होते."
"हो, टीव्हीवर ठेवला होतास, घ्यायचा म्हणून."

तो गॅस बघायला आत गेला होता, ते आठवतं ना? तेव्हाच त्याला चष्मा दिसला होता. तिनं जिन्यात टोमणा मारला तेव्हाही तो त्याच्या खिशातच होता, आणि तरी तो फक्त गॅसचंच बोलला. ज्या फेरीवरून बोलणी खाल्ली, तिच्यातूनच चष्मा आला. हे आधी पेरलेलं नसतं तर चष्मा आयत्या वेळी आकाशातून पडल्यासारखा वाटला असता.

काही विषयांना मी या खेळात हात लावत नाही. तिचं माहेर, त्याचं आजारपण, मुलांचं न येणं. मला ओळखू येणारी खूण एकच. एकाच्या वाक्यावर दुसऱ्याला उत्तर सुचेनासं झालं, तर ते वाक्य लागलंय. लटक्या भांडणात समोरच्यासाठी उत्तराची जागा सोडलेली असते.

शेवटी दोघांना समेट करायला लावायचा मोहही मी टाळला. श्रुतिका संपते तेव्हा गाडी नुकतीच सुटलेली असते. इंजिनाचा आवाज, घंटीची दोरी ओढल्याचा आवाज, आणि मग ती.

"खिडकीशी तुम्ही बसा."
"नको, तूच बस. तुला वारा लागतो."
"वारा तुम्हाला लागतो. मला ऊन लागतं."
"मग ऊन कुठल्या बाजूला येणार ते आधी ठरवू."

नमस्कार.