लेन्स, काजळ आणि पापणीची ती दोन मिलिमीटरची कड

(दृश्य: खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढलेली, अगदी जवळून)

पापण्यांच्या केसांची रांग आणि बुबुळ यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची ओलसर पट्टी असते. मेकअप करणारे तिला वॉटरलाइन म्हणतात. जवळून पाहिलं तर तिच्यावर टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपक्यांची एक रांग दिसते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 अशा या ग्रंथी असतात. पापणी मिटली की त्यांतून पातळ तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पसरतं. अश्रू लगेच सुकत नाहीत ते या तेलामुळे.

डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर याच अश्रूंना दुप्पट काम पडतं. अश्रूंचा थर फक्त काही मायक्रॉन जाडीचा. लेन्स त्याच्या मधोमध बसते आणि त्याचे दोन भाग करते, एक लेन्सच्या वर, एक लेन्सच्या खाली. वरचा भाग आधीच पातळ झालेला असतो आणि लवकर सुकतो. त्यातच वॉटरलाइनवर काजळाची रेघ ओढली, तर ग्रंथींची तोंडं मेणाने आणि रंगाने बुजतात. तेल कमी पडतं, लेन्स कोरडी पडते, डोळा खुपायला लागतो.

काजळ लावलं तिथेच राहत नाही, हे तर आणखी महत्त्वाचं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. आयलाइनर एकदा केसांच्या बाहेरच्या बाजूने लावलं, एकदा आतल्या बाजूने, आणि अश्रूंमध्ये किती कण उतरतात ते चित्रित केलं. आतून लावल्यावर पाच मिनिटांतच अश्रूंमध्ये 15 ते 30 टक्के जास्त कण दिसले. दोन तासांनी बहुतेक कण निघून गेले होते. डोळा स्वतःला धुतो, तेव्हा हे स्वाभाविक आहे. पण लेन्स घातलेल्या डोळ्यात तेवढ्या वेळात काही कण लेन्सला चिकटतात आणि मग ते अश्रूंबरोबर वाहून जात नाहीत.

(दृश्य: हाताच्या तळव्यावर ठेवलेली लेन्स, प्रकाशासमोर धरलेली)

समजा, महिनाभर वापरायची मऊ सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आहे. सकाळी आठला क्रीम लावलेल्या हाताने लेन्स घातली, मग वॉटरलाइनवर काजळ आणि पापण्यांच्या केसांना मुळापासून वॉटरप्रूफ मस्कारा. दुपारी तीनच्या सुमारास उजव्या डोळ्यापुढे धूसर व्हायला लागतं. पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतं, पुन्हा धूसर. हा कोरडेपणा आहे, अश्रूंचा थर तुटतोय. संध्याकाळी धूसरपणाचं रूप बदलतं. आता कितीही वेळा पापणी मिटली तरी तेलकट बोट लागलेल्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. लेन्स काढून सोल्युशनने चोळून घातली की स्वच्छ दिसतं. म्हणजे दोष लेन्सवर साचलेल्या थराचा होता.

रात्री खरी चूक होते. लेन्स डोळ्यांतच, आणि तेलकट रिमूव्हर लावलेला कापूस पापणीवर फिरतो. मस्कारा विरघळतो, त्याचा रंग आणि रिमूव्हरमधलं तेल एकत्र होऊन पापणीच्या कडेवरून आत उतरतं. सिलिकॉन हायड्रोजेलला तेलाची ओढ असते. प्रयोगशाळेत लेन्सवर मस्कारा, हाताचं क्रीम आणि रिमूव्हर लावून पाहिलं, तेव्हा लेन्स धूसर झाल्याच, पण काही उत्पादनांमुळे त्यांचा आकारही बदलला. आकार बदललेली लेन्स डोळ्यावर नीट बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लेन्स पुन्हा घातली की खुपणं सुरू, आणि दोष मात्र लेन्सच्या कंपनीला दिला जातो.

क्रम लक्षात ठेवायचा तो एवढाच: सकाळी लेन्स आधी, मेकअप नंतर. रात्रीही लेन्स आधी, मेकअप नंतर.

(दृश्य: नळाखाली हात, मग स्वच्छ कोरडा टॉवेल)

सकाळी हात साध्या साबणाने धुवावेत. मॉइश्चरायझर असलेला साबण हातावर पातळ थर ठेवतो, तो नको. हात पूर्ण कोरडे करावेत, कारण नळाच्या पाण्यात अकँथअमीबासारखे जीव असू शकतात आणि लेन्सखाली गेल्यास त्यांचा संसर्ग बरा व्हायला महिने लागतात. केसांवर स्प्रे मारायचा असेल तर तो लेन्स घालण्याआधी, डोळे मिटून, आणि मारून झाल्यावर त्या जागेवरून बाजूला व्हावं. मग लेन्स घालावी. एकेक डोळा झाकून दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय का ते पाहावं. खुपत असेल तर तेव्हाच काढून धुवावी. मेकअप झाल्यावर तेच काम दहापट अवघड होतं.

आयलाइनर केसांच्या मुळांच्या बाहेरच्या बाजूनेच लावावं. मस्कारा मुळाशी न लावता केसांच्या मधल्या भागापासून टोकाकडे न्यावा. मुळाशी थोडी जागा मोकळी राहिली तरी समोरच्याला ती दिसत नाही. धाग्यांसारखे तंतू मिसळलेला मस्कारा टाळावा, कारण सुकल्यावर ते तंतू गळतात आणि नेमके लेन्सखाली सापडतात. चमकीचं आयशॅडो तर लेन्स घालणाऱ्यांनी डोळ्यांजवळ आणूच नये. तिचे कण कडांना धारदार असतात आणि लेन्सखाली अडकले तर प्रत्येक वेळी पापणी मिटताना कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा काढतात. पावडरच्या आयशॅडोपेक्षा क्रीमचं बरं, पण त्यातही तेल कमी असलेलं. पावडरच वापरायची असेल तर ब्रश आधी झटकावा आणि डोळा मिटलेला ठेवावा.

वॉटरप्रूफ मस्काऱ्याचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. तो दिवसभर कमी गळतो, हे त्याच्या बाजूचं. पण काढायला तेलकट रिमूव्हर लागतो आणि चोळावंही लागतं. आमच्या मते लेन्स वापरणाऱ्यांनी ट्यूबिंग मस्कारा निवडावा. तो प्रत्येक केसाभोवती नळीसारखं आवरण तयार करतो आणि कोमट पाण्याने नळ्यांच्याच रूपात निघून येतो, त्यामुळे काजळी पसरत नाही.

(दृश्य: मस्काऱ्याचा ब्रश, जवळून. दातऱ्यांत अडकलेला सुकलेला मस्कारा.)

आता थोडं ब्रशबद्दल, कारण मोठी इजा बहुतेक इथूनच होते. ब्रश रोज केसांना लागतो, त्यांच्यावरचे जिवाणू घेऊन नळीत परत जातो. नळी अंधारी, ओलसर. जिवाणूंना आवर घालणारी द्रव्यं मस्काऱ्यात असतात, पण दिवसेंदिवस त्यांचा जोर कमी होत जातो. मस्कारा घट्ट झाला म्हणून त्यात पाणी किंवा थुंकी घालणं म्हणजे ती द्रव्यं आणखी पातळ करणं आणि नवे जिवाणू सोडणं. वेष्टनावर उघड्या डबीचं चिन्ह आणि 6M, म्हणजे उघडल्यापासून सहा महिने, असं लिहिलेलं असलं तरी लेन्स वापरणाऱ्यांनी मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्यावा. उघडला त्या दिवसाची तारीख पेनाने नळीवर लिहून ठेवली की हिशेब चुकत नाही.

चालत्या गाडीत मस्कारा लावताना धक्का बसतो आणि ब्रश थेट कॉर्नियाला लागतो. ओरखडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मस्काऱ्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जिवाणू असेल तर त्याला आत शिरायला तेवढं पुरे. मऊ लेन्सखाली अश्रूंची ये-जा आधीच कमी असते, त्यामुळे तो तिथे टिकतो. या जिवाणूने झालेली कॉर्नियाची जखम एक-दोन दिवसांत खोल जाऊ शकते आणि बरी झाल्यावरही पांढरा डाग मागे राहून नजर कमी होऊ शकते.

म्हणून ब्रश डोळ्याला लागला तर लगेच हात धुऊन लेन्स काढावी. डोळा निर्जंतुक सलाइनने धुवावा, नळाच्या पाण्याने नाही. चोळू नये. त्या दिवशी लेन्स परत घालू नये, चष्मा वापरावा. काही तासांनीही दुखत असेल, प्रकाश सहन होत नसेल किंवा पाणी थांबत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

(दृश्य: रात्र. आरसा, लेन्सची डबी, कापसाची पॅड.)

रात्री आधी हात धुऊन लेन्स काढावी. दर वेळी उजवी आधी काढली तर अदलाबदल होत नाही. रोज टाकायची लेन्स असेल तर टाकून द्यावी. ज्यांना रोज डोळ्यांचा मेकअप करावा लागतो, त्यांच्यासाठी अशी लेन्स सगळ्यांत सोयीची, कारण साठलेला थर दुसऱ्या दिवसापर्यंत पोचतच नाही. महिन्याची असेल तर तळव्यावर ठेवून सोल्युशन टाकावं, प्रत्येक बाजू बोटाच्या पेराने सुमारे 20 सेकंद हळुवार चोळावी, पुन्हा सोल्युशनने धुवावी. न चोळता नुसती भिजवली तर मेकअपचा थर सुटत नाही. डबीत दर वेळी नवं सोल्युशन. जुन्यात भर घालायची नाही. सकाळी डबी रिकामी करून सोल्युशनने धुवावी आणि उपडी ठेवून वाळू द्यावी.

लेन्स डबीत गेल्यावर मेकअप काढायला घ्यावा. रिमूव्हर लावलेलं पॅड मिटलेल्या पापणीवर 15-20 सेकंद नुसतं धरून ठेवावं. मस्कारा सैल होतो. मग वरून खाली पुसावं, आडवं घासू नये. केसांच्या मुळाशी राहिलेला रंग भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपावा, काडी कधीही वॉटरलाइनच्या आत नेऊ नये. शेवटी सौम्य क्लीन्झरने पापण्या धुवाव्यात, कारण रिमूव्हरही अवशेषच आहे. पापणीवर राहिला तर सकाळी लेन्सवर येतो.

मेकअप वर्षानुवर्षं नीट निघाला नाही तर त्याच्या खुणा पापणीच्या आतल्या बाजूला दिसतात. डॉक्टर वरची पापणी उलटून पाहतात तेव्हा गुलाबी अस्तरात काळे ठिपके रुतलेले दिसतात. ते मस्काऱ्याचे कण. बऱ्याचदा त्रास देत नाहीत, पण एखाद्याभोवती कठीण खडा तयार झाला तर तो लेन्सला घासतो.

(दृश्य: निळ्या प्रकाशात हिरवट चमकणारा डोळा)

तपासणीत डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसीन टाकतात. निळ्या प्रकाशात ओरखडा हिरवा चमकतो. हा रंग मऊ लेन्समध्ये मुरतो, म्हणून तपासणीला लेन्स काढूनच जावं, पण लेन्स, डबी आणि मस्कारा सोबत न्यावेत. संसर्ग झाल्यास त्यांतूनही जिवाणू शोधता येतो. लेन्स काढल्यावर खुपणं थांबलं तर बहुधा दोष लेन्सचा. लेन्स काढूनही दुखणं, लाली, पू किंवा धूसरपणा वाढत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर थांबू नये. घरात शिल्लक राहिलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नयेत. लाली कमी होते आणि आत संसर्ग वाढत जातो.

संसर्ग बरा झाल्यावर जुना मस्कारा, आयलाइनर, काजळ, लेन्स आणि डबी सगळं टाकून द्यावं. धुता येण्यासारखे ब्रश साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. आधी डॉक्टरांच्या परवानगीने लेन्स सुरू करावी, आणि काही दिवस ती विनात्रास बसली की मगच मेकअप, तोही एका वेळी एकच वस्तू. पुन्हा चुरचुरलं तर कशामुळे, ते त्यामुळे लगेच कळतं.