हिशेबनीस हवा आहे, पण नेमका कशासाठी?

आज एकच जाहिरात घेऊ. पन्नासेक कामगारांचा कारखाना आहे, अकाउंट्समध्ये माणूस हवाय. मालक लिहितात: "तडफदार, स्मार्ट, ऑल-राउंडर तरुण पाहिजे. बी.कॉम., ५ वर्षे अनुभव, इंग्रजीवर प्रभुत्व, स्वतःची दुचाकी आवश्यक. पगार योग्यतेनुसार."

हे वाचून तिथे बसणारा माणूस दिवसभर काय करणार, ते कळतं का? म्हणून मी मालकांना आधी विचारते की हा माणूस महिनाभरात कोणती कामं उरकणार? उत्तर सरळ येतं. खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवायची, ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, जीएसटीआर-१ ची माहिती ११ च्या आत तयार ठेवायची, ३बी २० पर्यंत, आणि थकलेल्या येण्यासाठी गिऱ्हाइकांना फोन करायचे. झालं की तुमचं वर्णन! हेच जसंच्या तसं लिहा. "तडफदार" कोण, हे अर्ज करणाऱ्याला ठरवता येत नाही. टॅलीत जीएसटीची बिलं चढवलीत का, याचं उत्तर मात्र प्रत्येकाकडे असतं.

आता एकेका अटीला विचारा, ही पहिल्या दिवशीच लागते की महिन्यात शिकवता येते? वरच्या कामाला वर्ष-दोन वर्षांचा अनुभव पुरतो. पाच वर्षांचा माणूस आलाच, तर नुसत्या नोंदींना कंटाळून जातो, आणि दोन वर्षं हेच काम नीट केलेली मुलगी अट वाचून अर्जच करत नाही. इंग्रजीचं म्हणाल, तर गिऱ्हाइकं मराठी-हिंदीत बोलतात. इंग्रजी लागतं ते ईमेल वाचण्यापुरतं, तेवढंच लिहा.

दुचाकी कशाला, असं विचारलं तर कळतं की महिन्यातून दोनदा बँकेत जायचंय. मग "महिन्यातून दोनदा बँकेत जावे लागेल, रिक्षाभाडे कंपनी देईल" असं लिहा. पायाने अधू असलेला उत्तम हिशेबनीस त्या एका ओळीने बाहेर पडत होता, आणि तुम्हाला ते कधी कळलंही नसतं.

"तरुण" तर काढाच. वयाचा या कामाशी संबंध नाही, आणि वाचणाऱ्या बायका तो शब्द "पुरुष हवा" असाच घेतात. भरतीत स्त्रियांना डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे.

राहिला पगार. आकडा लिहा, किमान ते कमाल. आकडा नसला की मुलाखती होतात, माणूस पसंत पडतो आणि शेवटच्या दिवशी नाही म्हणतो. अर्थात पगारच बाजारापेक्षा कमी असेल, तर शब्द सुधारून काही होणार नाही.

जाहिरात जमली की नाही, हे अर्जांच्या ढिगावरून ठरवू नका. दहा अर्ज काढा, त्यातल्या किती जणांनी हेच काम आधी केलंय ते पाहा. एक-दोनच निघाले, तर कामाची यादी अजून धूसर आहे. आणि नेमलेला माणूस दोन महिन्यांत "काम वेगळंच निघालं" म्हणून गेला, तर त्याने सांगितलेलं काम पुढच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत घाला.