माशीतला ‘श’ आणि भिकेतला ‘क’
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, भाषांचा वंशवृक्ष आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. खाली एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि एका डहाळीवर ‘मराठी’ अशी चिठ्ठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने ही आकृती रूढ केली. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे फांदी एकदा फुटली की शेजारच्या फांदीशी तिचा संबंध संपला. 1872 साली योहानेस श्मिट यांनी नेमका इथेच आक्षेप घेतला. पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरतात तसे बोलण्यातले बदल एका जागेहून पसरत जातात, आणि प्रत्येक तरंग वेगळ्या ठिकाणी विरतो, असं त्यांचं म्हणणं.

दोघांपैकी कोणाचं खरं, हे मराठीवरच तपासून पाहू.

हिंदीतल्या ‘छ’च्या जागी मराठीत बहुधा ‘स’ येतो. छह–सहा, पूछना–पुसणे, मछली–मासा. इतक्या साध्या शब्दांत इतक्या नियमाने होणारा बदल योगायोगाचा नसतो. प्राकृतातला ‘च्छ’ मराठीत येताना ‘स’ झाला, आणि ‘इ’, ‘ए’सारख्या स्वरांपुढे ‘श’. श्लायखरची आकृती अशाच नियमांवर उभी असते.

आता संस्कृतातला ‘क्ष’ घ्या. मक्षिकेची माशी झाली, क्षेत्राचं शेत झालं, कुक्षीची कूस झाली. म्हणजे ‘क्ष’चा आधी ‘च्छ’ झाला आणि मग तो वरच्या नियमाने ‘स’ किंवा ‘श’ झाला. हिंदीत याच शब्दांचं मक्खी, खेत, कोख होतं. झालं तर मग! ‘क्ष’चा ‘ख’ करणारी एक फांदी, ‘छ’ करणारी दुसरी, आणि मराठी दुसरीवर.

पण भिक्षेचं काय झालं? भीक. ‘भीस’ नाही झाली. रक्षणाच्या ‘रक्ष्’पासून राखणे आलं, ‘रासणे’ नाही. आणि हिंदीचं घर तरी कुठे नीट आहे? तिथे खेत आहे तशी क्षुरिकेपासून आलेली छुरीही आहे. मराठीत तीच सुरी.

वंशवृक्ष मानणारा म्हणेल, भीक आणि राखणे हे ‘ख’वाल्या शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले शब्द. शक्य आहे. पण उसना शब्द ओळखायचा कसा? एरवी खूण सोपी असते. मराठीत ‘चांदणे’मधला च दंत्य आणि ‘चंद्र’मधला तालव्य, त्यावरून कळतं की चांदणे घरात झिजत आलं आणि चंद्र संस्कृतातून थेट उचलला. ‘भीक’वर मात्र अशी परकेपणाची खूण नाही. उलट हाथचा हात, भूखची भूक, तशी भीखची भीक. शब्द मराठीत पुरता मुरलेला. उसनवारी जितकी जुनी, तितकी ती वारशासारखी दिसू लागते. झ्यूल ब्लॉक यांच्यासारख्या मराठीच्या मोठ्या अभ्यासकालाही हा ‘क्ष’ सरळ वाटला नव्हता.

शिवाय हा गोंधळ फार जुना आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘क्षुद्र’ या शब्दाचं रूप गिरनारला ‘छ’ने सुरू होतं, तर पूर्वेकडच्या प्रतींत ‘ख’ने. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे दोन्ही उच्चार नकाशावर शेजारी शेजारी नांदत होते, आणि माणसं, माल, भिक्षू यांची ये-जा चालूच होती. अशा मुलखात एका शब्दात एक तरंग पोहोचला आणि दुसऱ्या शब्दात दुसरा, हे मला जास्त पटतं. पण हेही लक्षात घ्या, की ‘छ’चा ‘स’ होतो हा नियम हाताशी नसता, तर भीक वेगळी आहे हे आपल्याला कळलंच नसतं. त्यामुळे वंशवृक्ष मोडीत काढा म्हणणाऱ्यांत मी नाही.

शब्द उसना घेतला तर निदान तो बोट ठेवून दाखवता येतो. नुसती घडण उसनी घेतली तर? त्यासाठी नागपूरबाहेर जायला नको. आपण म्हणतो, ‘तो काय करून राहिला?’ पुण्याचा माणूस म्हणेल, ‘काय करतोय?’ आपल्या वाक्यातला शब्द न् शब्द मराठी आहे. ‘करून’ही आपलं, ‘राहणे’ही आपलं. पण चालू क्रियेसाठी ‘राहणे’ वापरायची रीत हिंदीतल्या ‘कर रहा है’शी जुळते. नागपूर कित्येक वर्षं मध्य प्रांताची राजधानी होतं, कचेरीत आणि बाजारात दोन्ही भाषा होत्या. ही रीत अमरावती-अकोल्याकडेही ऐकू येते आणि पश्चिमेला पुण्याकडे जाईतो विरून जाते. नकाशावर तिची हद्द आखता येते. वंशवृक्षात मात्र ती दाखवायची, तर मराठीच्या डहाळीवरून हिंदीच्या डहाळीपर्यंत आडवी रेघ ओढावी लागेल, आणि श्लायखरच्या आकृतीत आडव्या रेघा नाहीत.