जाळ्याची बाटली

(दृश्य : सारंगखेड्याजवळ तापीचं पात्र, पहाट. पाण्यावर धुकं.)

नदीसुरय पाण्याला चोच लावून वर उठतो, तो क्षण एक सेकंदसुद्धा टिकत नाही. त्यासाठी मी तीन दिवस पहाटे या काठावर बसलो. तिसऱ्या दिवशी फोटो मिळाला. पंख पूर्ण उघडलेले, चोचीत चांदीसारखी मासोळी. आणि फ्रेमच्या डाव्या कडेला पाण्यावर तरंगणारी एक प्लास्टिकची बाटली.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर तोच फोटो.)

घरी आल्यावर पहिला विचार आला, ही पुसून टाकू. क्लोन टूल घ्यायचं, शेजारचं पाणी उचलायचं आणि बाटलीवर ठेवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण फोटो निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धेला पाठवायचा होता, आणि तिथे त्या अर्ध्या मिनिटाने फोटो बाद होतो.

हे बनारसच्या घाटावरच्या एका फोटोबाबत घडलं आहे. २०१२ मध्ये हॅरी फिश यांच्या फोटोला नॅशनल जिओग्राफिकच्या स्पर्धेत ‘ठिकाणे’ विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं होतं. फ्रेमच्या कडेला एक प्लास्टिकची पिशवी होती, ती त्यांनी पुसली होती. पारितोषिक गेलं. पिशवी तशीच ठेवली असती, किंवा ती कड कापून टाकली असती, तरी चाललं असतं.

मला सुरुवातीला हे पटत नव्हतं. कापली काय आणि पुसली काय, पिशवी दिसत नाही ती नाहीच! पण फरक आहे. कड कापली म्हणजे मी कमी दाखवलं. जे दाखवलं ते तिथे होतंच. पुसली म्हणजे जिथे पिशवी होती तिथे मी खोटं पाणी भरलं.

(दृश्य : कृष्णधवल रेखाटन, हात आणि त्यामागे पाऊल.)

२०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेने स्तेपान रुदिक यांचा क्रीडा विभागातला पुरस्कार काढून घेतला. त्यांनी मूळ रंगीत फोटो भरपूर कापला होता आणि कृष्णधवल केला होता. त्यावर आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो हातामागे डोकावणारं कुणाचं तरी पाऊल पुसण्यावर. नखाएवढा तुकडा, पण कॅमेऱ्यासमोर खरोखर असलेला.

मग सेन्सरवरची धूळ? ती पुसायला परवानगी असते, कारण ती नदीवर नव्हती, कॅमेऱ्यात होती. ओळखायचं कसं? आधीची आणि नंतरची फ्रेम शेजारी ठेवा. धुळीचा डाग प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो. दूरचा पक्षी जागा बदलतो. शंका असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं लहान करून कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा, डाग ठळक उमटतील.

पकडतात कसं, हेही दाखवतो.

(दृश्य : दोन थर एकमेकांवर.)

अंतिम फेरीत कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही न बदललेली मूळ रॉ फाइल मागतात, बऱ्याचदा आगेमागेच्या फ्रेमही. रॉ आणि पाठवलेला फोटो यांचा उजेड जुळवून एकावर एक ठेवले आणि ‘डिफरन्स’ लावलं, की सारखं असेल ते काळं होतं आणि पुसलेली जागा उजळून दिसते. ही बघा, माझ्या सरावाच्या प्रतीतली बाटली. नुसत्या डोळ्यांनीही कळतं : ही लाट आणि ही लाट, एकच लाट दोनदा.

भर घालायला तर संगणकही लागत नाही. मार्सिओ काब्राल यांच्या, वारुळाजवळच्या मुंगीखाऊच्या फोटोला २०१७ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत एका विभागाचं पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी ते रद्द झालं. तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. काब्राल यांनी तो नाकारला. त्यांनी दिलेल्या आधीच्या-नंतरच्या रॉ फाइलींत मुंगीखाऊ कुठेच नव्हता.

(दृश्य : पुन्हा तापी. होडी काठाला लागते.)

चौथ्या दिवशी मी होडीतल्या मासेमार काकांना फोटो दाखवला. पक्ष्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. बाटलीवर बोट ठेवून म्हणाले, “ती बाटली मनी शे, भाऊ.” जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून त्यांनीच बांधलेली. मी कचरा समजत होतो. त्या बाटलीखाली जाळं होतं, आणि त्याच पाण्यात नदीसुरयाने मासोळी धरली होती.

फ्रेम ६००० पिक्सेल रुंद आहे. डावीकडून ७०० कापले की नियम न मोडता बाटली निघून जाते, पक्षी शाबूत राहतो. तशी प्रत करून पाहिली.

(दृश्य : पूर्ण फोटो, बाटलीसकट.)

पाठवला तो हा.