वजाबाकीतून आलेली एन्ट्रॉपी

आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमेट्रीच्या, म्हणजे आयटीसीच्या, एकाच प्रयोगातून बंधनाची एन्थाल्पी, एन्ट्रॉपी आणि अ‍ॅफिनिटी तिन्ही मिळतात, असं आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ते खरं आहे. पण हे तिन्ही आकडे सारख्या भरवशाचे नसतात, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

उपकरणात दोन सेल असतात. एकात प्रथिनाचं द्रावण, दुसऱ्यात नुसतं पाणी. दोन्हींचं तापमान सारखं राहावं म्हणून हीटर सतत थोडी थोडी ऊर्जा पुरवत असतो. सिरिंजमधून लिगँडचा थेंब प्रथिनात पडला आणि बंधनातून उष्णता बाहेर पडली, की त्या सेलला तेवढी ऊर्जा कमी द्यावी लागते. आलेखावर दिसणारं शिखर म्हणजे ही तूट, आणि शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता.

ही उष्णता केवढी असते ते पाहू. सेलमध्ये २० मायक्रोमोलर प्रथिनाचं २०० मायक्रोलिटर द्रावण आहे, म्हणजे ४ नॅनोमोल प्रथिन. सिरिंजमध्ये २०० मायक्रोमोलर लिगँड आहे आणि दर वेळी २ मायक्रोलिटर सोडायचं आहे, म्हणजे ०.४ नॅनोमोल. एन्थाल्पी मोलमागे −४० किलोज्यूल धरली, तर सुरुवातीच्या एका थेंबातून सुमारे १६ मायक्रोज्यूल उष्णता निघते. एवढ्याने ते द्रावण अंशाच्या एक लाखाव्या भागाने, फार तर दोन भागांनी तापेल. उपकरण मोजतं ते हे.

थेंब पडत जातात, रिकाम्या जागा भरत जातात, शिखरं बुटकी होतात. प्रथिनाच्या एका रेणूवर एकच जागा असेल, तर दहाव्या थेंबाच्या आसपास दोन्हींचे मोल सारखे होतात. क्षेत्रफळं ओळीने मांडली की इंग्रजी एससारखा वक्र मिळतो. त्याची उंची एन्थाल्पी सांगते, मधला उतार अ‍ॅफिनिटी सांगतो, आणि उतार कुठे पडतो त्यावरून एका प्रथिनाला किती लिगँड बसतात तो आकडा, n, कळतो. एन्ट्रॉपी या वक्रात कुठेच नाही. ती ΔG = ΔH − TΔS या समीकरणात वजाबाकी करून काढावी लागते.

आता समजा वियोजन स्थिरांक १ मायक्रोमोलर आला. २५ अंशांना ΔG होतं −३४.२ किलोज्यूल. एन्थाल्पी −४०, म्हणून −TΔS होतं +५.८. बंधनाला एन्ट्रॉपीची थोडी किंमत मोजावी लागते, असा निष्कर्ष आपण लिहून मोकळे होतो.

पण सिरिंजमधलं लिगँड खरोखर २०० नसून १८० मायक्रोमोलर असेल तर? वजन करताना ओलावा धरलेली पूड घेतली की एवढा फरक सहज पडतो. मग प्रत्येक थेंबात आपण समजतो त्यापेक्षा लिगँड कमी जातं, उष्णता कमी दिसते आणि एन्थाल्पी −४० ऐवजी −३६ येते. ΔG वियोजन स्थिरांकाच्या लॉगॅरिदममधून येतं, त्यामुळे ते पाव किलोज्यूलच हलतं. म्हणजे एन्थाल्पीतली जवळजवळ सगळी चूक एन्ट्रॉपीत जाऊन बसते: ५.८ ची किंमत जेमतेम २ वर येते. एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी एकमेकींना भरपाई देतात असं दाखवणारे सुबक आलेख पाहिले, की मी आधी त्यातली किती भरपाई या वजाबाकीची आहे ते विचारतो.

ही चूक पकडायची खूण n मध्ये आहे. वरच्या उदाहरणात n १ ऐवजी १.१ येईल. प्रथिनाचा पाचवा हिस्सा निकामी असेल तर n ०.८ वर येतो, पण एन्थाल्पी मात्र जवळपास जागची हलत नाही, कारण ती लिगँडच्या मोलमागे मोजलेली असते. म्हणून लिगँडची तीव्रता स्वतंत्र पद्धतीने तपासल्याशिवाय एन्ट्रॉपीवर विधान करू नये, असं माझं ठाम मत आहे. कमजोर बंधनात वक्राला एसचा आकारच येत नाही आणि n गृहीत धरावा लागतो. तिथे ही खूणही हातून जाते.

दुसरी गोष्ट बफरची. बंध जुळताना प्रथिन बफरकडून प्रोटॉन घेत असेल, तर तो सोडायला बफरला लागणारी उष्णताही मोजमापात मिसळते. ट्रिसला मोलमागे सुमारे ४७ किलोज्यूल लागतात, फॉस्फेटला साडेतीनच्या आसपास. समजा त्याच सामूला फॉस्फेटमध्ये −४० आलं आणि ट्रिसमध्ये −१८, वियोजन स्थिरांक मात्र दोन्हीकडे तोच. २२ च्या फरकाला दोन बफरांमधल्या सुमारे ४४ च्या फरकाने भागलं, की बंधनामागे अर्धा प्रोटॉन घेतला जातो हे कळतं. मग बफरचा वाटा काढून टाकलेली एन्थाल्पी येते −४२ च्या जवळ. फक्त ट्रिसमध्ये प्रयोग केला असता, तर −TΔS −१६ निघालं असतं, आणि एन्ट्रॉपी या बंधनाला मदतच करते असा अगदी उलटा निष्कर्ष आपण छापला असता.