बेंजोला जागा कुठे द्यायची?

(दृश्य: निपाणीतली रेकॉर्डिंगची खोली. पडद्यावर बेंजो पार्टीचे ट्रॅक.)

निवेदन:

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव. या पट्ट्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीला किंवा गणपतीला बेंजो पार्टी लागतेच. दोन बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा आणि झांज. रेकॉर्डिंगमध्ये यातलं कुठलं वाद्य डावीकडे आणि कुठलं उजवीकडे ठेवायचं, हे ठरवायला रेकॉर्डिस्ट बसलाय.

मुख्य बेंजो मधोमध राहतो, कारण चाल तोच सांगतो. ऑक्टोपॅडचा किकही मधोमध. जड खालचा आवाज दोन्ही स्पीकरांनी वाटून उचललेला बरा. ढोलकीला दोन माइक आहेत. ते दोन टोकांना टाकले, तर ढोलकी खोलीएवढी रुंद वाटते. म्हणून घुमणारी बाजू मध्ये आणि टणटणणारी बाजू किंचित उजवीकडे.

आता दुसरा बेंजो. पॅनचं, म्हणजे वाद्य डावी-उजवीकडे नेणारं, बटण फिरवून तो पार डावीकडे नेला आणि मागून वादकाचा आवाज आला, "ओ दादा, माझा बेंजो बारीक केलासा काय?"

आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरला हात लागलेला नव्हता. तरीही त्याचं बरोबर होतं.

(दृश्य: मीटर जवळून. पॅनचं बटण मध्यावरून डावीकडे फिरतं.)

वाद्य मधोमध असतं तेव्हा ते दोन स्पीकरांतून वाजतं, टोकाला गेलं की एकातून. मध्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण आवाज दिला, तर खोलीत तो सुमारे 3 डेसिबलने मोठा ऐकू येतो. बाजूला नेताना तेवढाच उतरतो. हा फरक भरून काढायला मध्यावर आवाज किती कमी करायचा, याच्या नियमाला पॅन लॉ म्हणतात. सॉफ्टवेअरगणिक तो वेगळा असतो. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या प्रोजेक्टला तो 0 असतो, म्हणजे मध्यावर काहीच कमी होत नाही. इथे नेमकं तेच झालं होतं.

तपासायला सोपं आहे. एका सुरातला सरळ टोन मोनो ट्रॅकवर लावा, पॅन मध्यावर ठेवा आणि दोन्ही मीटर बघा. मग पॅन टोकाला न्या. त्या बाजूचं मीटर हललंच नाही, तर लॉ 0 चा. ते 3 ने वर चढलं, तर लॉ उणे 3 चा.

उणे 3 लावला आणि वादकाची तक्रार मिटली. पण खरी अडचण पुढेच आहे. हे गाणं मिरवणुकीत ट्रॉलीवर वाजणार, आणि तिथे डावं-उजवं एकत्र करूनच सगळ्या स्पीकरांना दिलं जातं. म्हणजे मोनो. खोलीत दोन स्पीकरांची शक्ती मिळते, मोनोत मात्र दोन्हीकडचा एकच सिग्नल सरळ बेरजेने मिळतो. त्यामुळे उणे 3 वर मधोमधचं वाद्य टोकाच्या वाद्यापेक्षा 3 डेसिबलने वर येतं. दुसरा बेंजो पुन्हा मागे!

(आवाज: तोच तुकडा, आधी स्टीरिओ, मग मोनो.)

उणे 6 घेतला तर मोनोत सगळं जागच्या जागी राहतं, पण खोलीत मधलं वाद्य 3 ने दबतं. उणे साडेचार ही दोघांमधली तडजोड. मुळात खोलीवरही बरंच अवलंबून असतं. लहान, कापसाने मढवलेल्या खोलीत बरोबर मध्यावर बसलं, तर खालचे सूर 3 पेक्षा जास्तच वाढून ऐकू येतात.

माझ्या मते इथे लॉ बदलत बसण्यापेक्षा जागा बदलावी. मध्यापासून टोकापर्यंत आवाज बदलण्याचा उणे 3 चा नेहमीचा वक्र असेल आणि दुसरा बेंजो मध्य आणि टोक यांच्या निम्म्यावर ठेवला, तर पूर्ण आवाजापेक्षा डावीकडे तो फक्त पाऊण डेसिबल उतरतो आणि उजवीकडे आठ. कानाला तो स्पष्ट डावीकडे वाटतो. मोनोत मात्र मधल्या वाद्याच्या मागे तो 3 ऐवजी जेमतेम पाऊण डेसिबल राहतो.

म्हणून चाल वाजवणारी वाद्यं निम्म्याच्या आत: दुसरा बेंजो डावीकडे, कीबोर्ड उजवीकडे. टोकं फक्त झांज आणि ताशाला, कारण ते 3 डेसिबल उतरले तरी गर्दीत कापून जातात.

कीबोर्डचं एक सांभाळायचं. तो स्टीरिओ ट्रॅक असेल, तर बऱ्याच ठिकाणी तेच बटण पॅन न करता फक्त विरुद्ध बाजू कमी करतं. उजवीकडे फिरवलं की डाव्या बाजूचे सूर हरवतात. त्याला मोनो करून मगच बाजूला न्यावं, किंवा दोन्ही बाजूंना वेगळं पॅन द्यावं.

आणि लॉ पहिल्याच दिवशी ठरवायचा. मिक्स झाल्यावर तो बदलला, तर मधली वाद्यं पूर्ण हलतात, निम्म्यावरची थोडी आणि टोकाची अजिबात नाही. सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मास्टरवरचा, मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसरही वेगळा दाबायला लागतो. मग सगळे फेडर पुन्हा लावावे लागतात.